समुद्र नाही, तरी सळई गंजते

पुण्यात किंवा नागपुरात छज्ज्याचा टवका पडतो, आत गंजलेली सळई दिसते आणि सोसायटीत प्रश्न निघतो: खारी हवा तर मुंबईला, मग इथे गंज कुठून आला? ठपका बहुतेक वेळा सळईच्या प्रतीवर येतो. खरं कारण साध्या हवेतच असतं.

सिमेंट आणि पाण्याच्या संयोगातून काँक्रीटमध्ये चुना तयार होतो. त्यामुळे काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात राहतो आणि सळईवर अतिशय पातळ संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि या चुन्याची चुनखडी करतो; हेच कार्बोनेशन. पीएच नऊच्या खाली उतरला की तो थर जातो. पुढे ओल आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू होतो.

‘कार्बोनेशनने काँक्रीट भुसभुशीत होतं’ हा दुसरा गैरसमज. साध्या सिमेंटच्या काँक्रीटचा पृष्ठभाग उलट थोडा टणकच होतो, म्हणून हातोडी मारून काही कळत नाही. फुटतं ते गंजामुळे. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि वरचं कव्हर ढकलून देतो.

आपल्याकडे ऋतूही साथ देतात. कार्बोनेशन मध्यम कोरड्या काँक्रीटमध्ये वेगाने होतं, कारण छिद्रं पाण्याने भरलेली असली तर वायू आत जात नाही. गंजाला मात्र ओल लागते. आठ महिने पहिलं काम चालतं, पावसाळ्यात दुसरं. बाथरूमखालच्या स्लॅबला तर लीकेजमुळे बारमाही पावसाळा.

आता कव्हरचा हिशेब. कार्बोनेशनची खोली साधारण वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, 25 वर्षांच्या इमारतीत ती 20 मिलिमीटर भरली, म्हणजे गुणांक 4. कव्हर 15 मिलिमीटर असेल, तर सळई चौदाव्या वर्षीच उघडी पडली होती. तेच 30 असतं, तर 56 वर्षं लागली असती. कव्हर दुप्पट, तर अवधी चौपट. कव्हर ब्लॉक न ठेवता खडीचा तुकडा सरकवला किंवा क्युरिंग दोन दिवसांत उरकलं, की हाच हिशेब उलटा फिरतो.

खोली मोजायची चाचणी स्वस्त आहे. काँक्रीट नव्याने फोडायचं, धूळ झटकायची आणि लगेच फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारायचं. गुलाबी रंग आला तो भाग शाबूत, रंग न आलेला कार्बोनेट झालेला. जुन्या फुटलेल्या तुकड्यावर फवारलं तर फसगत होते, कारण तो उघडा पडून आधीच बदललेला असतो. शिवाय क्षार या चाचणीत दिसत नाहीत.

या मोजमापावरच दुरुस्ती ठरते. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला नसेल, तर लीकेज थांबवून कार्बोनेशनरोधक रंग देणं पुरतं. पोचून गंज धरला असेल, तर नुसता गिलावा म्हणजे वर्ष-दोन वर्षांची झाकपाक. तिथे सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट काढावं लागतं, गंज पूर्ण घासावा लागतो आणि मग पॉलिमर मॉर्टर भरावा लागतो.