फोटोतल्या घड्याळात किती वाजलेत? एआय इथे का फसतं?

भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळाचा फोटो एखाद्या एआय चॅटबॉटला देऊन 'किती वाजलेत?' असं विचारून पाहा. दुकानाची पाटी किंवा हातानं लिहिलेली चिठ्ठी सहज वाचणारं मॉडेल इथे चुकीची वेळ सांगू शकतं, तेही अगदी ठामपणे.

समजा, घड्याळात आठला दहा कमी आहेत. मिनिट काटा 10 वर आणि तास काटा जवळजवळ 8 वर. मॉडेल '8:50' असं उत्तर देतं. पहिलीदुसरीतली मुलंही हीच चूक करतात! तास काटा तासाला 30 अंश, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश सरकतो. त्यामुळे 7:50 ला तो 8 च्या फक्त 5 अंश अलीकडे असतो. खरंच 8:50 झाले असते, तर तो 9 ला टेकायला आला असता.

दुसरी चूक काट्यांच्या अदलाबदलीची. लांब काटा तासाचा समजला, तर उत्तर येतं साधारण 10:40. पण 10:40 ला तास काटा 10 आणि 11 च्या मध्याच्याही पुढे गेलेला असतो. फोटोत तर तो काटा नेमका 10 वर आहे, म्हणजे ही वेळ शक्यच नाही. मॉडेलचं उत्तर तपासायची सोपी युक्ती हीच: सांगितलेल्या वेळेला तास काटा कुठे असायला हवा, ते बघायचं.

हे होतं कारण मॉडेल कोन मोजत नाही. फोटोचे लहान लहान चौकोन करून, शिकताना पाहिलेल्या चित्रांशी ते जुळवतं. त्या चित्रांसोबतच्या मजकुरात 'भिंतीवरचं घड्याळ' असं लिहिलेलं असतं, वेळ क्वचितच. शिवाय जाहिरातींमधली बहुतेक घड्याळं 10:10 च दाखवतात, कारण त्या वेळी काटे सुबक दिसतात आणि वरच्या मधोमध असलेलं कंपनीचं नावही झाकलं जात नाही. त्यामुळे फोटो अस्पष्ट असला की मॉडेलचा अंदाजही 10:10 कडे झुकतो.

यावर उपाय शोधले गेलेत. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये मांडलेल्या कामात कॉम्प्युटरवर तयार केलेल्या घड्याळांची चित्रं देऊन मॉडेलला शिकवलं. नंतर टाइमलॅप्स व्हिडिओ वापरले. तिथे वेळ एकसारख्या गतीनं पुढे जाते, त्यामुळे मध्येच उडी मारणारं उत्तर चुकीचं म्हणून वगळता येतं.

प्रेशर गेजचं काम मात्र जास्त अवघड आहे. तिथे काटा एकच, त्यामुळे पडताळायला दुसरा काटा नाही. त्यात काटा तबकडीपासून थोडा वर असतो, म्हणून बाजूनं फोटो काढला तर तो शेजारच्या रेघेवर दिसतो. अशा फोटोवरून माणसाचंही रीडिंग चुकतं; फोटो तबकडीच्या अगदी समोरूनच काढावा लागतो.