उसाचा भाव किती वाढला तर रान बदलेल?

केंद्र सरकारने उसाची एफआरपी 2024-25 च्या हंगामासाठी टनाला 3,400 रुपये ठेवली होती. 2025-26 साठी ती 3,550 झाली. दोन्ही दर 10.25 टक्के उताऱ्याचे. मग या दीडशे रुपयांसाठी माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस घालणाऱ्याने आणखी एखादा एकर उसाखाली आणावा का?

हा प्रश्न रेषीय नियोजनाचा आहे. जॉर्ज डँटझिगने 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत सर्वांत फायदेशीर पीकरचना शोधून देते. पण शेतकऱ्याला त्यापुढचेही हवे असते: एखाद्या पिकाचा नफा किती हलला तरी तीच रचना सर्वोत्तम राहते?

समजा, नीरा डाव्या कालव्यावर दहा एकर बागायत आहे आणि वर्षाला 1,280 एकर-सेंटीमीटर पाणी मिळते, म्हणजे एका एकरावर 1,280 सेंटीमीटर उभे राहील इतके. उसाला एकरी 200 एकर-सेंटीमीटर पाणी लागते आणि खर्च वजा जाता 64,000 रुपये उरतात. खरिपात मका व रब्बीत हरभरा घेतला तर 80 पाण्यात 40,000 उरतात. आकडे हिशेबापुरते आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

जमीन आणि पाणी दोन्ही पुरेपूर वापरले तर चार एकर ऊस व सहा एकर मका-हरभरा बसतो. नफा 4,96,000. सगळा मका-हरभरा घेतला तर चार लाखच मिळतात आणि पाणी शिल्लक राहते. नुसता ऊस केला तर पाणी 6.4 एकरांतच संपते.

आता मर्यादा काढू. एक एकर मका-हरभरा मोडून ऊस लावला की 120 पाणी जादा लागते आणि 24,000 रुपये जास्त मिळतात. म्हणजे पाण्याच्या एका एककाची छुपी किंमत 200 रुपये. उसाच्या एकराला 200 एककांचे 40,000 रुपये पाण्याचे झाले. उरलेले 24,000 जमिनीचे. उसाचा नफा हलला की याच दोन किमती हलतात. दोन्ही शून्याच्या वर आहेत तोवर रचना टिकते. नफा 40,000 पर्यंत उतरला तर पाण्याची किंमत शून्य होते, 1,00,000 पर्यंत चढला तर जमिनीची. एकरी 40 टन उत्पादन धरले तर टनामागचे 150 रुपये म्हणजे एकरी 6,000. ऊस 70,000 वर जातो, मर्यादेच्या खूप आत. नफा वाढतो, पण रचना तीच राहते.

न पेरलेल्या ज्वारीचा दाब

या हिशेबात ज्वारी नव्हती. तिला एकरी 30 पाणी लागते आणि 25,000 उरतात असे धरू. तिने वापरलेल्या जमिनीचे 24,000 आणि पाण्याचे 6,000, मिळून 30,000 होतात. ती पाच हजारांनी तोट्यात आहे, म्हणून पेरली जात नाही. अशा रचनेबाहेरच्या पिकाला वरचीच मर्यादा असते: नफा 30,000 च्या पुढे गेला तरच ते आत येते.

मात्र ऊस महागला की पाणी महागते, जमीन स्वस्त होते आणि कमी पाण्याच्या ज्वारीचा तोटा घटत जातो. उसाचा नफा 76,000 झाला की पाण्याची किंमत 300 आणि जमिनीची 16,000 होते. ज्वारीचा खर्च 16,000 अधिक 9,000, म्हणजे बरोबर 25,000. त्यापुढे मका-हरभरा पूर्ण निघून जातो. ऊस सुमारे 5.76 एकर आणि ज्वारी 4.24 एकर होते. लाखाची मर्यादा ज्वारीने 76,000 वर आणली. आता टनामागे 300 रुपयांपर्यंतच सवड उरते. 2025-26 च्या नियमाने दर 0.1 टक्का वाढीव उताऱ्याला क्विंटलमागे 3.46 रुपये मिळतात. उतारा एका टक्क्याने चढला तर टनाला 346 रुपये, आणि रचना बदलते. म्हणून जे पीक सध्या घेत नाही, तेही हिशेबात धरावे लागते. नाहीतर मर्यादा खोटी मोठी दिसते.

कालव्याचे डोके आणि शेपूट

इंदापूरकडच्या शेपटाला पाणी कमी पोहोचते. तिथे 1,040 एककेच मिळाली तर दोन एकर ऊस आणि आठ एकर मका-हरभरा येतो. उसाचे क्षेत्र निम्मे झाले, पण 40,000 ते 76,000 ही मर्यादा जशीच्या तशी राहते, कारण ती काढताना एकूण पाणी कुठेच आले नाही. पाणी 800 च्या खाली गेले की मात्र ही रचनाच उरत नाही.

याच कालव्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली आणि ब्लॉकच्या ठरावीक हिश्श्यातच ऊस ठेवला. अशी क्षेत्राची अट लागू असली आणि उसाने ती गाठली, की उसाच्या नफ्याला वरची मर्यादाच राहत नाही. भाव कितीही चढला तरी क्षेत्र वाढत नाही.

दोन भाव एकदम हलले तर

या मर्यादा एका वेळी एकच नफा बदलतो असे धरून काढलेल्या आहेत. उसाला वर 12,000 ची सवड आहे, मका-हरभऱ्याला खाली सुमारे 3,500 चीच. ऊस 8,000 ने वाढला आणि मका-हरभरा 2,000 ने घसरला तर प्रत्येक बदल एकटा चालतो. पण सवडीचे 67 आणि 57 टक्के मिळून शंभराच्या पुढे जातात, तेव्हा खात्री संपते आणि हिशेब नव्याने करावा लागतो. या उदाहरणात ज्वारी खरोखरच आत येते.

आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवतो, तेव्हा त्याचा नफा आणि पाणी वर्षावर आणूनच मांडावे. दीड वर्षाचे 64,000 म्हणजे वर्षाचे सुमारे 42,700. पाणीही वर्षावर आणून 200 च भरत असेल, तर खालच्या मर्यादेपासून तो ऊस जेमतेम 2,700 रुपये दूर असतो. एकरी 40 टनच धरले तर टनामागे शंभर रुपयांची घसरणसुद्धा दीड वर्षाच्या नफ्यातून 4,000 नेते, म्हणजे वर्षाचे सुमारे 2,700. तेवढ्यावर ही रचना काठावर येते.