नकार कळवताना

पुण्यातल्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय, पण आईच्या आजारपणामुळे नाशिक सोडता येत नाही. अशा वेळी एचआरला आधी फोन करावा आणि त्याच दिवशी ईमेल पाठवावा. मुदत संपेपर्यंत गप्प राहिलं, तर यादीतला पुढचा उमेदवार त्यांच्या हातून निसटतो, आणि मला वाटतं, नकारापेक्षा तेच जास्त लक्षात राहतं.

आभारानंतर लगेच स्पष्ट लिहावं: ‘घरच्या जबाबदारीमुळे सध्या नाशिक सोडणं शक्य नाही, म्हणून हे पद स्वीकारता येत नाही.’ कारण एवढंच पुरे. पगाराचा विषय काढला, तर ती घासाघीस वाटते.

शेवटी ‘पुढे संधी असल्यास कळवा’ हे फार मोघम होतं. त्याऐवजी ‘जूननंतर पुण्यात येऊ शकेन, तेव्हा डिझाइन विभागात जागा असल्यास अर्ज करायला आवडेल’ असं लिहावं. महिन्याची खात्री नसेल, तर फक्त विभागाचा उल्लेख करावा.