फवाऱ्यापेक्षा ठिपका भारी

ओट्याखालच्या फटीत फवाऱ्याची नळी खुपसून औषध मारलं की मिनिटाभरात झुरळं बाहेर पळत सुटतात, उताणी पडतात, पाय झाडत राहतात. सकाळी केरसुणीने त्यांचा ढीग गोळा करताना घरातल्या माणसांची खात्री पटते की औषध जालीम आहे. महिन्या-दीड महिन्याने झुरळं पुन्हा दिसू लागतात, तेव्हा दोष शेजाऱ्यांच्या अस्वच्छतेला किंवा पावसाळ्याला दिला जातो. फवाऱ्यावर संशय जात नाही, कारण त्याने मारलेली झुरळं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात.

खरं तर झुरळं बाहेर पळाली, याचा अर्थ औषध त्यांच्या बिऱ्हाडापर्यंत पोहोचलं असा होत नाही. फवाऱ्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती झुरळाच्या मज्जासंस्थेला चेतवतात. अंगाला जराशी लागली तरी झुरळ अस्वस्थ होऊन जागा सोडतं. हा गुणधर्म पेस्ट कंट्रोलवाल्यांना जुनाच ठाऊक आहे. झुरळं नेमकी कुठे दडली आहेत हे शोधण्यासाठी ते अशा औषधाचा हलका झोत फटीत सोडतात, म्हणजे आतली मंडळी बाहेर येऊन आपला पत्ता देतात. घरोघरी मात्र हुसकावण्याचं हे काम मारण्याचं काम समजलं जातं. झोत थेट अंगावर आलेली झुरळं मरतात. फटीत दोन बोटं आत, लाकडाच्या जोडात किंवा फ्रिजच्या मोटरमागे असलेली सरकून दुसऱ्या फटीत जातात. पाइपच्या डक्टमधून वरच्या मजल्यावरच्या घरातही जातात.

स्वयंपाकघरात ठाण मांडणारं झुरळ कोणतं, हे इथे कळायला हवं. मोरीतून येणारं मोठं, तांबूस झुरळ वेगळं. ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत आणि मिक्सरच्या बुडाशी राहणारं लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेलं झुरळ म्हणजे ‘जर्मन झुरळ’. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. (नाव जर्मन असलं तरी ही जात सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरातल्या एका आशियाई झुरळापासून निपजली, असा निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने काढला आहे.) ही जात माणसाच्या घराबाहेर जवळपास आढळतच नाही आणि दिवसाचा बराचसा वेळ फटीतच काढते. मादी 30 ते 40 अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला घेऊन वावरते आणि पिल्लं बाहेर यायच्या बेतात असतानाच ती सोडते. या तीन-चार आठवड्यांत मादी फारशी बाहेर पडत नाही. कुपीच्या कठीण कवचामुळे फवारा अंड्यांना सहसा बाधत नाही. म्हणूनच फवारणीनंतर घर आठ-पंधरा दिवस शांत वाटतं आणि मग अचानक ओट्यावर बारीक, काळपट पिल्लं धावू लागतात. ती बाहेरून आलेली नसतात.

‘मग महिन्याच्या महिन्याला फवारलं तर?’ हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथ शहरात वर्षभर चाललेल्या एका तुलनेत मिळतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरकारी वसाहतीतल्या काही घरांत दर महिन्याला भिंतीच्या कडांना आणि फटींमध्ये फवारणी केली गेली. उरलेल्या घरांत आधी व्हॅक्यूमने झुरळं ओढून घेतली, मग जेलसारखी आमिषं आणि पिल्लांची वाढ रोखणारं औषध ठेवलं. मोजणी दोन्हीकडे सापळे लावून केली. फवारणीच्या घरांत पहिले पाच महिने आकडा साधारण तसाच राहिला आणि उन्हाळ्यात चढत गेला. आमिषाच्या घरांत सापळ्यातली झुरळं सरासरी 25च्या आसपासवरून चौथ्या महिन्यापर्यंत 4वर आली आणि पुढचे आठ महिने साधारण तिथेच राहिली. सुरुवातीचा खर्च आमिषाच्या पद्धतीला जास्त आला, आणि यश एकट्या जेलचं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण दर महिन्याला, तेही व्यावसायिक हातांनी, फटीत मारलेला फवारा वर्षभरात झुरळांची संख्या खाली ठेवू शकला नाही, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

जेलचं काम उलट्या दिशेने चालतं. औषध फटीच्या तळापर्यंत पोहोचवण्याचा आटापिटा माणसाने करायचा नाही. ते झुरळानेच पोटातून आत न्यायचं. जेलमध्ये झुरळाला आवडणारं गोड, ओलसर खाद्य असतं आणि त्यात अगदी थोडं विष, उदाहरणार्थ फिप्रोनिल 0.05 टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के. झुरळ रात्री येतं, खातं आणि फटीत परततं. मरण्यापूर्वी ते तिथेच विष्ठा टाकतं, कधी ओकतं, आणि मेल्यावर त्याचं कलेवर तिथेच राहतं. नुकती जन्मलेली पिल्लं फटीपासून लांब जात नाहीत. मोठ्यांची विष्ठा हे त्यांचं नेहमीचं अन्न असतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली इंडोक्साकार्ब या औषधाच्या बाबतीत ही साखळी तीन पायऱ्यांपर्यंत दाखवली: जेल खाल्लेल्या प्रौढांच्या उत्सर्गामुळे पिल्लं मेली आणि त्या पिल्लांची कलेवरं खाऊन आणखी प्रौढ मेले. या शेवटच्यांनी जेलला तोंडही लावलं नव्हतं. अंडी घेऊन दडून बसलेल्या मादीचा प्रश्नही इथेच सुटतो. ती आज खायला आली नाही, तरी कुपी सोडल्यावर भुकेने येते, आणि तिची पिल्लं पहिला घास विषारी विष्ठेचा घेतात.

ही साखळी कळली की आणखी एक समज आपोआप गळून पडतो. ‘जेल लावा आणि वरून एक फवाराही मारा, दुप्पट परिणाम होईल,’ असं अनेक घरांत म्हटलं जातं, काही पेस्ट कंट्रोलवालेसुद्धा तसं करतात. त्याने जेल वाया जातं. फवाऱ्याचा अंश जेलवर किंवा आसपास पडला की झुरळ त्या वाटेने यायचं टाळतं. खडूच्या रेघा आणि उग्र वासाच्या फिनाइलनेही तोच अडथळा होऊ शकतो. आधी फवारणी झालेली असेल तर त्या जागा साबणाच्या पाण्याने पुसून, कोरड्या करून मगच जेल लावावं.

आता एक नेहमीचं स्वयंपाकघर समोर ठेवू: फ्लॅटमधलं, एका बाजूला ओटा, खाली ट्रॉल्या, कोपऱ्यात फ्रिज. जेल हाती घेण्याआधी रात्री चार चिकट सापळे ठेवायचे. समजा, सकाळी फ्रिजमागच्या सापळ्यात 30, शेगडीखालच्यात 20, सिंकखाली 9 आणि दाराजवळ एकच झुरळ सापडलं. म्हणजे दाराशी जेल लावण्यात अर्थ नाही. मुख्य वस्ती फ्रिजच्या मोटरपाशी आहे, कारण तिथे ऊबही असते आणि ओलावाही. मग 30 ठिपके असे वाटता येतील: फ्रिजच्या मागच्या-खालच्या कडांना 10, शेगडीभोवती आणि ओट्याच्या खालच्या काठाला 8, ट्रॉलीच्या बिजागऱ्या आणि सरकपट्ट्यांजवळ 7, सिंकच्या पाइपभोवती 5. प्रत्येक ठिपका मसुराच्या दाण्याएवढा, साधारण 0.1 ग्रॅमचा. काळे बारीक विष्ठेचे डाग जिथे दाट असतील, त्यांच्या शेजारी तो लावायचा. तेलकट, रोज धुतल्या जाणाऱ्या किंवा तापणाऱ्या जागी नाही.

मोठा गोळा लावला तर जास्त झुरळं मरतील, असं वाटणं साहजिक आहे. पण झुरळ अन्नासाठी लांब जायला नाखूश असतं. एका जागी ठेवलेला गोळा वरून सुकतो आणि चार हातांवरच्या फटीतल्या झुरळांच्या वाटेवर येतच नाही. ठिपके लहान आणि पुष्कळ हवेत.

विषाच्या प्रमाणाचा हिशेबही याच उदाहरणात मांडता येतो. 30 ठिपके म्हणजे 3 ग्रॅम जेल. फिप्रोनिल 0.05 टक्के असेल, तर संपूर्ण स्वयंपाकघरात विष गेलं दीड मिलिग्रॅम. याउलट 0.03 टक्के तीव्रतेचं एक लिटर द्रावण फवारलं, तर 300 मिलिग्रॅम रसायन कडाफटींवर आणि त्यांच्या आसपास पसरतं. दोन्ही रसायनं वेगळी आहेत, म्हणून विषारीपणाची तुलना केवळ वजनावरून करता येणार नाही. तरी जिथे भाजी चिरली जाते तिथे पसरणाऱ्या रसायनातला हा फरक फार मोठा आहे. जेल चाटण्याजोगं असल्यामुळे ते रांगत्या मुलाच्या आणि मांजराच्या तोंडापासून दूर, आडोशालाच असलं पाहिजे.

‘जेल लावलं, पण काही झालंच नाही’ ही तक्रार सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. विष हळू काम करतं, ते मुद्दामच. झुरळ ठिपक्यापाशीच मेलं, तर साखळी तुटेल. या काळात एखाददुसरं झुरळ भर दिवसा अडखळत फिरताना दिसेल. ते विष लागू पडल्याचं लक्षण आहे, त्याच्यावर फवारा मारू नये. आठवड्याने ठिपके पाहायचे. संपलेले पुन्हा भरायचे आणि तिथे दोन-चार वाढवायचे, कारण वस्ती तिथेच आहे. कडक झालेले खरवडून बदलायचे. दोन आणि चार आठवड्यांनी तेच सापळे त्याच जागी ठेवायचे. फ्रिजमागचा आकडा 30वरून 6वर आला असेल, तर मार्ग बरोबर आहे. अंड्यांचा कालावधी ध्यानात घेता सहा आठवड्यांआधी काम संपलं असं मानू नये.

आकडा हललाच नाही आणि ठिपके जसेच्या तसे असतील तर? आधी रात्रीची खरकटी भांडी आणि उघडा कचऱ्याचा डबा पाहावा. आसपास ताजं अन्न असेल, तर जेलची चव कोण घेणार? तेही नसेल, तर कारण झुरळातच असू शकतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात काही झुरळं आमिषाकडे पाठ फिरवू लागली होती. जूल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाने शोधून काढलं की त्यांना विष नव्हे, आमिषातलं ग्लुकोज नकोसं झालं होतं, आणि ही नावड वंशपरंपरेने पुढच्या पिढीत जात होती. अशा झुरळांना ग्लुकोज कडू लागतं, हे 2013 साली त्यांच्या चवीच्या पेशींवरच्या प्रयोगांतून दिसलं. उपाय म्हणजे वेगळं विष आणि वेगळं खाद्य असलेलं दुसरं जेल. नुसतं कंपनीचं नाव बदलून भागत नाही, वेष्टनावरचा घटक वाचावा लागतो.

विषाला सरावण्याचा धोकाही जेलला चुकलेला नाही. 2019 साली पर्ड्यूच्याच संशोधकांनी एकच जेल वापरून पाहिलं. जिथल्या झुरळांत त्या औषधाला प्रतिकार जवळपास नव्हता, तिथे ती संपली. जिथे सुमारे 10 टक्के झुरळं आधीच प्रतिकारक होती, तिथे मात्र संख्या वाढली. म्हणून दर काही महिन्यांनी घटक बदलणं, सापळ्यांनी मोजत राहणं आणि संख्या उतरल्यावर त्या रिकाम्या फटी सिलिकॉनने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवणं, ही कामं उरतातच. आणि सापळ्यात लहान तपकिरी झुरळांऐवजी मोरीतली मोठी तांबूस झुरळं येत असतील, तर ट्रॉलीतले ठिपके थोडंच काम करतील. त्यांचा वाडा खाली ड्रेनेजच्या चेंबरमध्ये असतो. तिथे आधी मोरीची जाळी, तुटलेला ट्रॅप आणि चेंबरचं झाकण पाहावं लागतं.