पिठाच्या डब्यातला कागद : अंध आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पटकथेतली जागा

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा कर्णबधिर प्रेक्षक आणि ऐकू येणारा प्रेक्षक यांच्यात जवळजवळ फरक नव्हता. पात्रे काय बोलतात हे दोघांनाही मधल्या पाट्यांवर वाचूनच कळत होते. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, पाट्या गेल्या, आणि कर्णबधिर प्रेक्षक चित्रपटातून जणू बाहेर पडला. अंध प्रेक्षकाची गोष्ट नेमकी उलटी. बोलपटाने त्याला अर्धे दार उघडून दिले. पण उरलेले अर्धे, म्हणजे न बोलता घडणारे सगळे, बंदच राहिले.

ही दोन्ही दारे उघडण्याची साधने आज ठरलेली आहेत. कर्णबधिरांसाठी कॅप्शन, म्हणजे संवादांबरोबर अर्थपूर्ण आवाजांचीही पडद्यावर दिलेली नोंद. दृष्टिहीनांसाठी दृश्यवर्णन, म्हणजे दोन संवादांच्या मधल्या जागेत निवेदकाच्या आवाजात सांगितलेली कृती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्हींचा उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’च्या निमित्ताने दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवरील प्रदर्शनासाठी या सोयी करण्याचे निर्देश दिले, आणि मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मात्र या सगळ्यांत एक गृहीत असते : चित्रपट आधी पूर्ण होईल, मग कोणीतरी त्यावर कॅप्शन आणि वर्णन चढवील. अडचण तिथेच आहे. वर्णन करणाऱ्याला मिळते ती चित्रपटात उरलेली शांतता. ती किती उरावी आणि कुठे उरावी हे फार आधी, पटकथेच्या कागदावर ठरून गेलेले असते.

एक प्रसंग घेऊन हे पाहू. उदाहरणासाठी रचलेला आहे, पण आपल्या मालिका-चित्रपटांत अशा घाटाचे प्रसंग पुष्कळ असतात.

रात्रीची वेळ. वाड्याचे स्वयंपाकघर. सुमन एकटी आहे. कडी वाजते, तिचा धाकटा भाऊ वसंत आत येतो आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून ओट्यावर ठेवतो.

वसंत : हे घे. इथे सही कर. त्यांनी केली आहे, तुझीच राहिली.

सुमन काही बोलत नाही. वसंत हातपाय धुवायला मोरीकडे जातो आणि तिथून बोलतच राहतो : गिऱ्हाईक चांगले आहे, पुन्हा असा भाव येणार नाही, आईची सोय मी करतो. तो बोलत असताना सुमन कागद उचलते, पिठाच्या डब्यात खुपसते आणि झाकण लावते. वसंत परत येतो.

सुमन : आधी जेवून घे.

पुढच्या प्रसंगात वसंत कागद शोधत घरभर फिरतो आणि सुमन त्याच डब्यातले पीठ काढून भाकरी थापते. सगळी गंमत आणि सगळा ताण डब्यात काय आहे हे आपल्याला माहीत असण्यावर उभा आहे.

आता हा प्रसंग अंध प्रेक्षकाच्या बाजूने ऐका. वसंत मोरीतून अखंड बोलतो आहे, त्यामुळे वर्णनाला जागाच नाही. निवेदक त्याच्या बोलण्यावर बोलला तर दोन आवाज एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही वाया जातात; न बोलला तर कागद कुठे गेला हे कधीच कळत नाही. पुढचा प्रसंग मग निव्वळ भाकरी थापण्याचा आवाज होतो.

कर्णबधिर प्रेक्षकाला डोळे आहेत, तेव्हा त्याला डबा दिसलाच असेल, असे आपल्याला वाटते. पण त्याच क्षणी पडद्याच्या तळाशी वसंतच्या बोलण्याची कॅप्शन भराभर बदलत असतात. बोलणारा चौकटीत नाही, म्हणून ते वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. डोळे खाली अक्षरांवर आणि हात वर डब्यात. दोन-तीन सेकंदांची कृती निसटायला एवढे पुरते.

एकाच ठिकाणी दोघेही अडखळले आणि कारणही एकच : महत्त्वाची कृती आणि महत्त्वाचे बोलणे एकाच वेळी आले. म्हणून दुरुस्तीही एकच पुरते. वसंतला मोरीतून दोनच वाक्ये बोलू द्यावीत, मग त्याने चूळ भरावी, तोंडावर पाणी मारावे. पाण्याचा आवाज चालू आहे, बोलणे थांबले आहे, आणि तेवढ्यात सुमन डबा उघडते. निवेदकाचे वाक्य असे होईल : ‘सुमन कागदाची घडी पिठाच्या डब्यात खुपसते. झाकण लावते.’ आठ शब्द. शांतपणे बोलताना सेकंदाला दोन मराठी शब्द हा हिशेब धरला तर चार सेकंद. मागेपुढे अर्धा-अर्धा सेकंद श्वासाला सोडला तर पाच. पटकथेत पाच सेकंदांचे पाणी लिहिले की काम झाले. प्रसंगही बिघडत नाही; उलट पाणी थांबायच्या आत झाकण लागते की नाही, असा नवा ताण त्यात येतो.

या वर्णनात ‘घाबरून’ किंवा ‘चलाखीने’ असा शब्द नाही, हेही पाहण्यासारखे आहे. निवेदकाने दिसते ते सांगायचे. त्याचा अर्थ डोळस प्रेक्षकाला जसा स्वतः लावायला मिळतो तसाच अंध प्रेक्षकालाही मिळाला पाहिजे. सुमनची भीती दिसावी असे लेखकाला वाटत असेल तर त्याने सांगता येईल अशी खूण लिहावी : हाताला लागलेले पीठ ती घाईने पदराला पुसते. ‘तिच्या मनात काहूर उठते’ हे पटकथेतले वाक्य नटीला उपयोगी पडेल, निवेदकाला नाही.

आता संवादाकडे येऊ. ‘हे घे. इथे सही कर. त्यांनी केली आहे.’ यात ‘हे’, ‘इथे’ आणि ‘त्यांनी’ हे तिन्ही शब्द बोट दाखवणारे आहेत आणि बोट फक्त डोळ्यांना दिसते. ‘त्यांनी’ कोणी, हे तर कर्णबधिरालाही कळणार नाही. त्याऐवजी :

सुमन : वसंत, तू? इतक्या रात्री?
वसंत : ताई, वाड्याचे कागद आणलेत. अण्णांनी सही केली. तुझीच राहिली.

नाव पहिल्याच वाक्यात आले, ‘ताई’ने नाते सांगितले, कागद कसला ते कळले. बहीणभाऊ प्रत्यक्षात असेच बोलतात. आकाशवाणीच्या श्रुतिका लिहिणाऱ्या मंडळींना ही युक्ती अंगवळणी पडलेली असे. त्या परंपरेत एक धोकाही आहे. ‘अरे वसंत, तू तर ओला चिंब होऊन, हातात कागद घेऊन आलास!’ असे वाक्य पडद्यावर हास्यास्पद वाटते, कारण सुमन ते वसंतला सांगत नसून आपल्याला सांगते आहे. पारख सोपी आहे : समोरच्या पात्राला आधीच माहीत असलेली गोष्ट संवाद सांगत असेल, तर ते वर्णनाचे काम संवादाच्या गळ्यात मारले आहे. ते काढून तिथे दोन-तीन सेकंद मोकळे ठेवावेत.

कॅप्शनच्या बाबतीत मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. समजा सुमन म्हणते : ‘माझ्या जिवात जीव आहे तोवर हा वाडा मी कुणाला म्हणजे कुणालाही विकू देणार नाही.’ कॅप्शनमध्ये एका वेळी सहसा दोनच ओळी मावतात, ओळीत सहा-सात शब्द. वाक्य लांबले किंवा नटीने मध्ये श्वास घेतला की ते दोन तुकड्यांत जाते. पहिल्या तुकड्यात प्रेक्षक ‘विकू देणार’ इथपर्यंत वाचतो आणि ‘नाही’ पुढच्या तुकड्यात एकटेच उगवते. क्षणभर अर्थ बरोबर उलटा झालेला असतो. उलट सगळे वाक्य एका तुकड्यात बसवले, तर सुमनने तोंड उघडताच शेवटचा नकार वाचून होतो आणि तिचा थांबा फुकट जातो. लेखकाने वाक्य तोडले तर दोन्ही टळते :

सुमन : नाही. (ताट पुढे सारते.) मी आहे तोवर वाडा विकायचा नाही.

पहिला ‘नाही’ एकटा वाचायला काही हरकत नाही, कारण तो पुरता आहे. मग ताट सारण्याची कृती डोळ्यांना मोकळी मिळते. दुसरे वाक्य एकाच ओळीत मावते. जे वाक्य तोडले असता अर्धवट किंवा उलटे वाचले जाईल, ते लिहितानाच दोन पुऱ्या वाक्यांत मांडणे हा कॅप्शनला सोयीच्या मराठीचा गाभा म्हणता येईल. दोन पात्रांनी एकाच वेळी बोलणे हाही त्याच जातीचा प्रश्न. भांडणात ते हवेच असते. पण जे वाक्य कळलेच पाहिजे ते गलक्याच्या आधी किंवा नंतर ठेवावे.

आवाजांची नोंदही पटकथेतच निश्चित व्हावी. ‘आवाज येतो’ एवढेच लिहिले तर कॅप्शन करणारा अंदाजाने काहीतरी घालतो. ‘बाहेर कडी वाजते, दोनदा, हळू’ असे लिहिले तर कर्णबधिराला आवाज कुठला, कसा आणि कुठून हे तिन्ही मिळते. डब्याच्या झाकणाचा ‘टप्’ आवाज पहिल्या प्रसंगात मुद्दाम ऐकू येऊ दिला, तर पुढे सुमन पीठ काढते तेव्हा तोच आवाज अंध प्रेक्षकाला काही न सांगता डब्याची आठवण देतो. कर्णबधिरासाठी मात्र दोन्ही वेळा त्याची नोंद सारख्याच शब्दांत हवी. एकदा ‘झाकण लागते’ आणि एकदा ‘खट्ट आवाज’ असे लिहिले तर धागा तुटतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. प्रत्येक कृतीला पाच सेकंद देता येत नाहीत. दिले तर चित्रपट रेंगाळेल. म्हणून प्रत्येक प्रसंगात एकच गोष्ट निवडावी, जिच्यावाचून पुढचा प्रसंग उभा राहत नाही. इथे ती कागदाची जागा आहे; वसंतच्या सदऱ्याचा रंग नव्हे. पावसात चालणारे वेगवान पाठलाग, नुसत्या नजरांवर चालणारे प्रसंग, यांत बरेच काही हातातून सुटतेच. पडद्यावरचे पत्र किंवा मोबाइलवरचा निरोप कर्णबधिर प्रेक्षक स्वतः वाचतो, अंध प्रेक्षकासाठी तो निवेदकाला वाचावा लागतो. तेव्हा मजकूर दहा-बारा शब्दांचाच असावा आणि तो दिसत असताना कोणी बोलू नये.

जमले की नाही हे लेखकाने स्वतः डोळे मिटून किंवा आवाज बंद करून तपासणे पुरेसे नसते, कारण डबा कुठे आहे हे त्याला आधीच माहीत असते. प्रसंग वाचून दाखवावा, वर्णनासकट. किंवा कच्चे चित्रण कॅप्शनसकट दाखवावे, आणि ते अंध व कर्णबधिर प्रेक्षकांनाच. त्यांना ‘समजले का?’ असे विचारू नये. समोरचा माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. नेमके प्रश्न विचारावेत. खोलीत कितीजण होते? सही कोणी केली, कोणाची राहिली? आणि शेवटी : कागद कुठे आहे? ‘वसंतच्या खिशात असेल’ असे उत्तर आले, तर मोरीतले त्याचे आणखी एक वाक्य काढायचे.