चॅनेलच्या कमाईला स्वतंत्र खातं

साताऱ्यातल्या एका गृहिणीचं यूट्यूबवर पाककृतींचं चॅनेल आहे, असं समजा. जाहिरातींचे पैसे तिच्या बचत खात्यात येतात. किराणा, मुलांची फी आणि नवा माइक, सगळं तिथूनच जातं. मार्चअखेरीस कोणता खर्च धंद्याचा हे शोधताना दमछाक होते आणि वजावट हातची जाते.

उपाय सोपा आहे. आधी udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन देऊन उद्यम नोंदणी करावी. ती पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. कामगारांची संख्या कमी असेल, तर महाराष्ट्रात गुमास्त्यासाठी ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते.

व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडताना बँक सहसा असे दोन पुरावे मागते. चालू खात्यावर व्याज नसतं, किमान शिल्लक मात्र ठेवावी लागते. म्हणून आधी बँकांच्या अटी ताडून पाहाव्यात.

खरी अडचण पुढे येते. अ‍ॅडसेन्सवरचं नाव वैयक्तिक आणि खातं ‘स्वाद किचन’च्या नावाने असेल, तर परदेशातून आलेली रक्कम अडकू शकते. त्यामुळे खातं बदलण्याआधी दोन्हीकडची नावं जुळवून घ्या. एकल मालकीत पॅन मालकाचंच राहतं, त्यामुळे कमाई तिच्याच विवरणपत्रात दाखवावी लागते.