बिल उशिरा येते, घरखर्च थांबत नाही

मालेगावात साडीच्या खोक्यांची लेबले, लग्नपत्रिका आणि दुकानांची बोधचिन्हे संगणकावर करून देणारा एखादा स्वतंत्र कारागीर समजा. महिन्याला सरासरी 30 हजारांची बिले होतात. घरखर्च 18 हजार; वीज, इंटरनेट आणि कागद मिळून 4 हजार. कामाला तोटा नाही. अडचण अशी की 30 दिवसांच्या मुदतीचे बिल कधी 45 दिवसांनी, तर कधी 75 दिवसांनी वसूल होते.

अशा वेळी हाताशी शिल्लक किती हवी? मागच्या वर्षाच्या वहीत प्रत्येक बिलापुढे रक्कम जमा झाल्याची तारीख लिहावी आणि सर्वांत जास्त लागलेले दिवस धरावेत. येथे 75 दिवस म्हणजे अडीच महिने. महिन्याचा खर्च 22 हजार, तेव्हा शिल्लक 55 हजार. दरमहा 5 हजार वेगळ्या खात्यात टाकले, तर 11 महिन्यांत ती उभी राहते. त्यातून उचललेली रक्कम उशिरा आलेल्या बिलातून आधी परत भरावी. मात्र दर महिन्याला उचल होऊ लागली, तर दोष उधारीचा नसून दराचा किंवा खर्चाचा आहे असे समजावे. निम्म्याहून अधिक काम एकाच गिऱ्हाइकाचे असेल, तर एवढी शिल्लकही अपुरी पडते.

आता तगाद्याविषयी. बिलावर ‘30 दिवसांत’ असे न लिहिता नेमकी तारीख, ऑर्डर क्रमांक आणि बँक खाते लिहावे. बिल पोहोचल्याची पोच घ्यावी. पुष्कळदा शेठची ना नसते; बिल मुनीमाच्या फाईलमध्ये एखाद्या चुकीपायी अडकलेले असते. म्हणून मुदतीच्या पाच दिवस आधीच विचारावे: “सलाम शेठसाहेब, लेबलांच्या बिलाची मुदत 10 तारखेला आहे. बिलात काही दुरुस्ती हवी असल्यास कळवावे.” मुदत टळल्यावर दुसऱ्या दिवशी एक ओळ पाठवावी. आठवड्याने हिशेबनीसाला फोन करून रक्कम कोणत्या तारखेला मिळेल ते विचारावे आणि ती तारीख लेखी कळवून ठेवावी. घरची अडचण सांगत बसू नये. बोलणे बिलापुरतेच ठेवावे. महिना उलटला, तर नवे काम निम्मी रक्कम आगाऊ घेऊनच हाती घ्यावे.

कायद्याचाही आधार आहे. काम सुरू करण्यापूर्वी ‘उद्यम’ नोंदणी केलेली असावी. ती मोफत होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावे लागते. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. म्हणून कामाची ऑर्डर आणि माल पोहोचल्याची पोच जपून ठेवावी. तक्रारीची वेळ आलीच, तर हेच कागद उपयोगी पडतात.